मधुमेही मुलाची बुडालेली शाळा: आधी सुई, मग शाळा, अभ्यास सगळ्यात शेवटी

टाइप 1 मधुमेह असलेलं मूल इंजेक्शनं टाळायला लागतं, शुगर वर-खाली होते, महिन्यातून आठ-दहा दिवस शाळा बुडते. अशा वेळी घरातल्या सगळ्यांचं लक्ष बुडालेल्या अभ्यासाकडे जातं. ट्यूशन लावली जाते, मैत्रिणींच्या वह्या आणल्या जातात, मुलाला ढकलून शाळेत पाठवलं जातं, आणि चार दिवसांत सगळं परत तिथंच येतं. आमच्याकडे असंच झालं. नंतर ओपीडीच्या बाकड्यावर ज्या आयांशी बोलले, त्यातल्या बहुतेकींकडेही असंच झालं होतं. आमचा क्रम उलटा पडला होता. तो सरळ कसा करायचा ते इथं लिहिते.

आमची मुलगी तेव्हा सातवीत होती, वय बारा, वजन 35 किलो. मधुमेह नवव्या वर्षापासूनचा. जेवणाआधीची तीन आणि रात्रीचं लांब चालणारं एक, अशी दिवसाला चार इंजेक्शनं. अकरावं लागल्यावर ती म्हणाली, "आई, मी माझं मी घेते." आम्हाला कौतुक वाटलं आणि आम्ही हात काढून घेतला. वर्षभराने, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, तिला कीटोअॅसिडोसिस झाला, म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन नावाचं आम्ल साचलं, आणि ती दवाखान्यात भरती झाली. पाच दिवस राहिली. शुक्रवारी घरी आलो आणि सोमवारी मी तिला शाळेत सोडून आले. बुधवारी शुगर परत 400 च्या वर. शाळेतलं दुपारचं इंजेक्शन ती कित्येक महिने घेतच नव्हती. ज्या मुलांचा मधुमेह आधीपासून माहीत आहे, त्यांच्यात वारंवार कीटोअॅसिडोसिस होण्याचं सगळ्यात मोठं कारण इन्सुलिन चुकणं हेच असतं. त्या बुधवारपर्यंत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

आधीची तयारी

पहिल्या टप्प्याआधी एवढं घरात हवं: चालू मीटर आणि पुरेशा स्ट्रिप, लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या (बाटली उघडल्याची तारीख वर लिहून ठेवा), ग्लुकोज पावडर, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला एक कागद. शुगर किती असेल तर किती युनिट जास्तीचं इन्सुलिन द्यायचं आणि कोणत्या वेळी फोन करायचा, हे त्या कागदावर हवं. तोंडी सांगितलेलं रात्री दोन वाजता आठवत नाही. या लेखात मी डोस कुठेही सांगणार नाही. ते काम डॉक्टरांचं.

> तपासा: कुपी वापरत असाल तर कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का बघा. 40 ची कुपी असेल तर लाल टोपणाची 40 चीच सिरिंज. 100 च्या इन्सुलिनला नारिंगी टोपणाची 100 ची. 40 च्या कुपीतून 100 च्या सिरिंजने "दहा" ओढलं तर पोटात चारच युनिट जातात. उलट झालं तर दहाच्या जागी पंचवीस, म्हणजे जिवाशी खेळ. मेडिकलवाला घाईत देईल ते घेऊन येऊ नका.

## टप्पा 1: सुई परत मोठ्यांच्या हातात घ्या (दोन आठवडे)

हे दोन आठवडे शाळेचा विषय घरात काढायचा नाही. शाळेला डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि अर्ज देऊन टाका, म्हणजे हजेरीची टांगती तलवार राहत नाही.

बारा वर्षांच्या मुलाला इंजेक्शन टोचता येतं, म्हणून त्याला आजार सांभाळता येतो असं नाही. रोज चार वेळा आठवण ठेवायची, मोजायचं, ठरवायचं आणि कंटाळा आला तरी करायचं, हे चाळिशीतल्या माणसालाही जड जातं. म्हणून प्रत्येक इंजेक्शन मोठ्या माणसासमोर व्हायला हवं. टोचणारा हात मुलाचा असला तरी चालेल, पण इन्सुलिन पेनचा डायल किती फिरवला ते मोठ्या माणसाने बघायचं, बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजायचं आणि मगच सुई बाहेर. "घेतलंस का?" असं दुसऱ्या खोलीतून ओरडून विचारलं की उत्तर नेहमी "हो"च येतं. त्यात मुलाची काय चूक? प्रश्नच तसा आहे.

मुलाला हे सांगताना शिक्षेचा वास येता कामा नये. आम्ही सांगितलं ते असं: "बाळा, हे काम आम्ही तुझ्यावर फार लवकर टाकलं. चूक आमची. आता परत आपण दोघी मिळून करू." ती रडली. मला वाटलं चिडली. बऱ्याच दिवसांनी कळलं, तिला हायसं वाटलं होतं.

निवड मात्र मुलाकडे ठेवा. घ्यायचं की नाही, ही निवड नाही. पोटावर की मांडीवर, आईकडून की पप्पांकडून, मोजायचं मराठीत की आज्जीसारखं तेलुगूत, हे त्याचं त्याने ठरवावं. आमच्याकडे पंधरा दिवस "ओकटी, रेंडू, मूडू" चालू होतं.

याच आठवड्यात जागा तपासून घ्या. मुलं एकाच ठिकाणी टोचतात, कारण तिथं दुखत नाही. दुखत नाही, कारण तिथं चरबीची गाठ झालेली असते. अशा गाठीतून इन्सुलिन कधी उतरतं, कधी उतरत नाही, आणि मग "डोस तर बरोबर घेतला, तरी शुगर 300 कशी?" असं कोडं पडतं. मूल उताणं झोपवून साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या बोटांनी पोट आणि मांड्या हलकेच चाचपा. रबरासारखं जाड लागलं तर ती जागा काही महिने बंद.

> सावध: गाठीतून चांगल्या जागेवर आलात की तोच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर खाली जाऊ शकते. जागा बदलण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

## टप्पा 2: खोटे आकडे

पहिल्या टप्प्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी मी वही आणि मीटर शेजारी घेऊन बसले. वहीत दुपारी 126, 118, 132. मीटरच्या मेमरीत त्या वेळांना काहीच नव्हतं.

वहीवरून खोटं ओळखू येतं. सगळे आकडे 110 ते 140 च्या मध्ये असतील, एकाच पेनाने एका बैठकीत लिहिल्यासारखे दिसत असतील, आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी मात्र 10-11 आली असेल, तर वही खरी नाही. मीटरही फसवता येतं. काही मुलं धाकट्या भावाचं बोट टोचतात. कधी मुलाने काहीच केलेलं नसतं, चिकू खाऊन हात न धुता तपासलेलं असतं आणि आकडा उगाच वर जातो. म्हणून आधी हात धुणं आणि पुसणं, मग तपासणं.

आता महत्त्वाचं. खोटं सापडल्यावर त्याच क्षणी काही बोलू नका. मी बोलले होते. वही तिच्यासमोर आपटली होती, आणि पुढचे तीन दिवस ती बोट पुढे करेना. मुलं खोटा आकडा लिहितात, कारण खऱ्या आकड्यावर घरात काय होतं ते त्यांना माहीत असतं: आईचा चेहरा, पप्पांचं "काय खाल्लंस?", आज्जीचा उसासा. म्हणून आकडा बघण्याची रीत बदलावी लागते. आम्ही तीन नियम घातले. ते फ्रिजवर लिहिले, मोठ्यांसाठी.

आकडा "चांगला" किंवा "वाईट" म्हणायचा नाही, "वर", "खाली" किंवा "मध्ये" म्हणायचं. आकडा बघून पहिला प्रश्न "काय खाल्लंस?" असा करायचा नाही, "आता काय करूया?" असा करायचा. आणि मूल 350 दाखवायला स्वतःहून आलं, तर आधी "बरं झालं सांगितलंस" म्हणायचं, मग पुढचं. तिसरा नियम माझ्या सासूबाईंना जमला, मला जमायला महिना लागला.

> तपासा: आठवड्याच्या शेवटी मीटरमध्ये वाईट दिसणारे आकडे यायला लागले का? आले असतील तर टप्पा बरोबर चाललाय. याच वेळी बरेच आईवडील घाबरतात आणि पुन्हा ओरडा सुरू करतात.

## टप्पा 3: "पोटात दुखतंय" हा सकाळचा प्रश्न

शाळा बुडण्याची अर्धी कहाणी इथं घडते. सकाळी सात वाजता पोट दुखतं, डोकं दुखतं, मळमळतं. मधुमेही मुलाच्या बाबतीत आईवडील दोनच टोकं गाठतात. घाबरून लगेच घरी ठेवतात, नाहीतर "नाटकं करू नकोस" म्हणून हाकलतात. दुसरं जास्त धोक्याचं, कारण पोटदुखी आणि उलटी ही कीटोअॅसिडोसिसची सुरुवात असू शकते. पण पहिल्यानेही नुकसान होतं. महिनाभरात मुलाचं शरीर शिकतं, की दुखलं की सुट्टी. ते मुद्दाम करत नसतं. शाळेच्या विचाराने पोटात खरंच दुखतं.

म्हणून दुखणं खरं की खोटं या वादात पडायचंच नाही. प्रत्येक वेळी तेच करायचं, याच क्रमाने. डॉक्टरांना दाखवून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा.

1. हात धुवून शुगर तपासा. ताप बघा. उलटी झाली का विचारा.
2. शुगर 70 च्या खाली: 10 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी परत तपासा. अजून 70 च्या खाली असेल तर तेवढंच परत. वर आली की नाश्ता, आणि उशिरा का होईना शाळा.
3. शुगर 70 ते 250, ताप नाही, उलटी नाही: शाळा. दुखणं मान्य करा, पण निर्णय बदलू नका. "दुखतंय ना, कळतंय मला. डबा घे, दहा वाजता मी फोन करते."
4. शुगर 250 च्या वर: लघवीतले कीटोन तपासा. नसतील तर कागदाप्रमाणे जास्तीचं इन्सुलिन, भरपूर पाणी आणि शाळा, आणि मधल्या सुट्टीत परत तपासणी. थोडे असतील तर इन्सुलिन देऊन घरी थांबा, डॉक्टरांना फोन करा, दोन तासांनी परत तपासा.
5. कीटोन मध्यम किंवा जास्त, किंवा उलट्या थांबत नाहीत, श्वास जोरात चाललाय, गुंगी आहे: शाळेचा विषय संपला, थेट दवाखाना. मग शुगरचा आकडा कितीही असो.

10 ग्रॅम कुठून आलं? मुलांना साधारण किलोमागे 0.3 ग्रॅम ग्लुकोज लागतं. 35 किलोला साडेदहा, म्हणजे ढोबळमानाने दहा. मी घरातल्या छोट्या काट्यावर दहा-दहा ग्रॅमच्या पुड्या बांधून ठेवल्या. त्याआधी आम्ही घाबरून अर्धा ग्लास साखर ओतायचो. मग तासाभरात 280, आणि परत रडारड. अशा वेळी चॉकलेट किंवा बिस्किटही नको. त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर चढायला उशीर होतो.

> सावध: मूल आजारी आहे, जेवत नाही, म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणं ही आपल्याकडे सर्रास होणारी चूक आहे. आजारपणात शुगर बहुतेक वेळा उलट वाढते. लांब चालणारं इन्सुलिन कधीच बंद करायचं नाही. जेवणाचं किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

घरी राहिलेला दिवस कसा जातो, याचाही नियम हवा. मूल खरंच आजारी असेल तर झोप, पाणी, पेज, आणि मोबाईल-टीव्ही शाळा सुटेपर्यंत बंद. रागावणं नाही, लाडही नाहीत. आमच्या सासूबाई अशा दिवशी शेंगापोळी करायच्या. त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना, शेवटी यांनी सांगितलं: "आई, शेंगापोळी रविवारी."

आणि एक. नियम पाळूनही पोटदुखी आठवड्यात दोन-तीनदा, सुट्टीच्या दिवशीही होत असेल, वजन वाढत नसेल, तर ते मनावर ढकलू नका. टाइप 1 च्या मुलांत सिलियाक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास इतर मुलांपेक्षा जास्त आढळतो. रक्ताच्या तपासणीत समजतं. ती होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर तपासणी चुकते. निघालाच, तर ज्वारीची कडक भाकरी खाणाऱ्या आपल्या घरांना त्याचं पथ्य इतरांपेक्षा सोपं जातं, एवढंच समाधान.

## टप्पा 4: मूल परत जाण्याआधी शाळेला भेटा

ही भेट मुलाला पाठवण्याच्या आधी व्हायला हवी. आम्ही पहिल्या खेपेला नंतर गेलो, तेही गेटवर उभं राहून वर्गशिक्षिकेशी दोन मिनिटं बोललो. त्यांनी मान डोलावली. त्यांना कळलं काय, तर "हिला गोड द्यायचं नाही". शुगर खाली गेल्यावर गोडच द्यायचं असतं, हे त्यात कुठे बसणार?

वेळ मागून घ्या, परिपाठाच्या आधी नको. मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका आणि पी.टी.चे सर, तिघं एकत्र हवेत. लांब भाषण न करता एक पान द्या आणि तेच वाचून दाखवा. आमचं पान असं होतं:

> हिला टाइप 1 मधुमेह आहे. संसर्गजन्य नाही, गोड खाऊन झालेला नाही.
> मधल्या सुट्टीत जेवणाआधी शुगर तपासणं आणि इन्सुलिन घेणं गरजेचं आहे. जागा: ऑफिसशेजारची खोली. सोबत: ……… मॅडम.
> हात थरथरणं, घाम, चिडचिड, गप्प होणं, अक्षर बिघडणं दिसलं तर शुगर कमी असू शकते. तिला एकटीला कुठंही पाठवू नका. वर्गातच दप्तरातली पुडी पाण्यातून द्या. 15 मिनिटांनी परत तपासा.
> बेशुद्ध झाली किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर झोपवा, 108 ला फोन करा, मग आम्हाला.
> लघवीला किंवा पाणी प्यायला मागितलं तर लगेच सोडा.
> पी.टी. बंद करू नका. आधी शुगर बघू द्या. 90 च्या खाली असेल तर आधी थोडं खाऊ द्या.

"एकटीला कुठंही पाठवू नका" ही ओळ लाल पेनाने लिहा. शुगर कमी झालेल्या मुलाला "जा, ऑफिसमध्ये जाऊन बस" म्हणून पाठवतात आणि ते जिन्यात पडतं.

इंजेक्शनची जागा बोलूनच ठरवावी लागते. आमची मुलगी दुपारचं इंजेक्शन का टाळायची, तर ते बाथरूममध्ये घ्यावं लागायचं. ओली जमीन, कडी नीट लागत नाही, बाहेर मुली दार वाजवतात. तिथं कोण पेन उघडणार? हे तिने आम्हाला वर्षभर सांगितलं नव्हतं. मुलाला विचारताना "का घेत नाहीस?" विचारू नका. "कुठे घेतेस, दाखव" म्हणा.

शाळेने "आमच्याकडे इंजेक्शन चालत नाही" म्हटलं तर भांडू नका, पण माघारही घेऊ नका. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मार्च 2023 मध्ये सगळ्या राज्यांना लिहिलेल्या पत्रात टाइप 1 च्या मुलांना शाळेत शुगर तपासणं, इन्सुलिन घेणं, मध्ये खाणं आणि परीक्षेत गोळ्या, खाऊ, पाणी जवळ ठेवणं याची मुभा द्यावी असं म्हटलं आहे. त्याची प्रत आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शिक्षकांना टोचायला सांगू नका, बहुतेक नकार तिथंच येतो. "ती स्वतः घेईल, तुम्ही फक्त शेजारी बसा" म्हटलं की काम होतं.

आपल्या सोलापूरपुरती एक गोष्ट. मार्चपासून पारा चाळीसकडे धावतो. वापरातलं पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, पण ते 30 अंशांपर्यंत. खिडकीजवळच्या दप्तरात किंवा गाडीच्या डिकीत ते खराब होतं आणि बघून कळत नाही. शुगर उगाच वर राहायला लागते. आम्ही ऑफिसमधल्या माठाशेजारी एक छोटं मातीचं भांडं ठेवलं: तळाला पाणी, वर झाकणाचा कोरडा डबा, त्यात पेन. शाळेतल्या मामांनी रोज पाणी बदलायचं काम आपणहून घेतलं. बर्फाला टेकवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच.

## टप्पा 5: परत जाणं, तासातासाने

महिनाभर घरी राहिलेल्या मुलाला सोमवारी सात तासांसाठी पाठवणं म्हणजे प्लास्टर काढल्याच्या दिवशी पळायला लावणं. आम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं, ते असं.

पहिले तीन दिवस फक्त पहिले तीन तास, तिला सगळ्यात आवडणाऱ्या चित्रकलेच्या तासासकट. मधल्या सुट्टीआधी घरी, म्हणजे शाळेत इंजेक्शन नाही. पुढचे तीन दिवस मधल्या सुट्टीपर्यंत. मी ऑफिसशेजारच्या खोलीत येऊन बसायची, ती तपासायची, टोचायची, डबा खायची आणि आम्ही निघायचो. दुसऱ्या आठवड्यात मी खोलीबाहेर आणि मॅडम आत. मग मी गेटवर. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण दिवस.

ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेला न्यायचंच. छान रमली म्हणून "आज थांब पूर्ण दिवस" म्हणू नका, मुलाचा विश्वास जातो. आणि रडली म्हणून लवकर आणू नका. रडल्यावर आणलं की पुढच्या दिवशी रडणं आधी सुरू होतं.

मध्ये संक्रांत आली, गड्ड्याची यात्रा आली, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला आम्ही सगळे गेलो. तीळगूळ, भाकरीची वेळ चुकलेली, चालून चालून पाय दुखलेले. रात्री शुगर 62, दुसऱ्या दिवशी सकाळी 290. तिने ठरवून टाकलं, "आज शाळा नाही." आम्ही तिसऱ्या टप्प्याचा कागद काढला. कीटोन नव्हते. जास्तीचं इन्सुलिन, पाणी, आणि अर्धा तास उशिरा शाळा. मॅडमनी मधल्या सुट्टीत फोन केला: 171. त्या दिवशी ती घरी राहिली असती, तर मागचे दहा दिवस वाया गेले असते असं मला आजही वाटतं.

वर्गातल्या मुलांना काय सांगायचं, ते मुलाला ठरवू द्या आणि दोन वाक्यं घरी पाठ करून घ्या. आमचीचं वाक्य होतं: "माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही, म्हणून मी बाहेरून घेते. बघायचंय का?" बघायचंय का म्हटलं की चिडवणाऱ्यांची अर्धी हवा जाते. शिक्षकांनी मुलाला पुढे उभं करून "हिला काय झालंय" हे वर्गाला सांगणं मात्र तिची परवानगी नसेल तर होऊ देऊ नका.

> तपासा: सलग दोन आठवड्यांत शाळेतली दुपारची इंजेक्शनं झाली का? मीटरची मेमरी बघा. दोनपेक्षा जास्त चुकली असतील तर एक पायरी मागे या, खोलीत परत मोठं माणूस.

## टप्पा 6: बुडालेला अभ्यास

हे थोडक्यात, कारण इथवर आलात तर हे जमतं. सगळं भरून काढायचं नाही. प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना विचारा: पुढचं समजायला यातलं काय आल्याशिवाय चालणार नाही? गणितात अपूर्णांक आणि समीकरणं निघाली, इतिहासात काहीच नाही. वह्या उतरवून काढू नका, झेरॉक्स करा. दिवसाला चाळीस मिनिटं, एकच विषय. घटक चाचणीचे गुण पहिल्या दोन महिन्यांत बघू नका. आणि शुगर 300 असताना गणिताला बसवू नका. तेव्हा डोकं चालत नाही, ते आळशीपण नसतं.

## घरच्या उपायांच्या पलीकडे कधी

मूल दोन आठवड्यांहून जास्त गप्प आहे, आवडीच्या गोष्टीही सोडल्यात, झोप-भूक गेलीय, "मला नकोच हे सगळं" म्हणतंय, तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नका. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, तिथल्या बालरोग आणि मानसोपचार ओपीडीला दाखवा, किंवा तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. घरून बोलायचं असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

मुलगी वजनाबद्दल सतत बोलत असेल आणि इन्सुलिन चुकवत असेल, तर ते डॉक्टरांना वेगळं, मुलीसमोर न बोलता सांगा. इन्सुलिन न घेतल्याने वजन उतरतं हे काही मुलींच्या लक्षात येतं, आणि ते नुसतं ओरडून सुटत नाही.

> सावध: मरणाची भाषा निघाली, चेष्टेत निघाली तरी, त्याच दिवशी घरातलं सगळं इन्सुलिन मोठ्यांच्या कुलपात. प्रमाणाबाहेर घेतलेलं इन्सुलिन हे विष आहे. मुलाला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

## काम परत मुलाकडे देताना

साधारण तीन महिने नीट गेले की एकेक काम परत द्या, एका वेळी एकच. आधी तपासणं, मग मोजणं, मग टोचणं, आणि डोस ठरवणं सगळ्यात शेवटी. एक काम दिल्यावर महिनाभर दुसरं द्यायचं नाही. मोजण्यासाठी आम्ही भाकरीपासून सुरुवात केली. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे साधारण 30 ते 35 ग्रॅम कर्बोदकं. काट्यावर पिठाचा गोळा ठेवायचं काम आता तिचं. सासूबाईंच्या भाकऱ्या कधी 42 ग्रॅमच्या, कधी 61 च्या निघतात, हे तिने शोधून काढलं आणि आठवडाभर घरात तोच विषय होता.

रात्रीचं लांब चालणारं इंजेक्शन मात्र अजून माझ्यासमोरच होतं. ती आता आठवीत आहे. नववीत देऊ का, विचारलं डॉक्टरांना. ते म्हणाले, "कॉलेजला जाईपर्यंत राहू द्या ना. त्यात तुमचं काय जातं? दहा सेकंद."